‘गोडी निर्माण करणे’ मोजायचे कसे?

*मी बीड जिल्ह्यातील एका छोट्या संस्थेत प्रकल्पांचे काम पाहते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आठ गावांत आमचे काम चालते. गेल्या वर्षीच्या प्रस्तावात ‘मुलांमध्ये शिक्षणाची गोडी निर्माण करणे’ आणि ‘पालकांमध्ये जनजागृती करून मुलांचे स्थलांतर थांबवणे’ अशी उद्दिष्टे लिहिली होती. वर्षअखेरीस अहवालात 96 पालक बैठका आणि 170 दप्तरांचे वाटप दाखवले, तेव्हा निधी देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एवढेच विचारले की उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते. आता नवा प्रस्ताव लिहायचा आहे. एक सहकारी म्हणतात, मोठा आकडा लिहा म्हणजे मंजुरी मिळेल. दुसरे म्हणतात, लहान लिहा म्हणजे पूर्ण झाला असे दाखवता येईल. मला तर वाटते की आमचे काम आकड्यांत मावणारेच नाही. काय करावे?*
*— एक वाचक, बीड जिल्हा*

नमस्कार.

आपल्या पत्रातील शेवटची शंका मी आधी घेतो, कारण बाकी सारे तिच्यावर अवलंबून आहे. एखाद्या मुलीला शाळा आवडू लागते तेव्हा तिच्या मनात जे घडते ते मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. पण उद्दिष्टात ते मोजायचेच नसते. ते खरोखर घडले असेल तर बाहेर जे दिसू लागते, तेवढेच मोजायचे असते. म्हणून ‘गोडी’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि सहकाऱ्यांसोबत बसून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधा: आपले काम यशस्वी झाले, तर जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी त्या आठ गावांत गेल्या वर्षीपेक्षा वेगळे काय दिसेल? मला वाटते, आपले उत्तर असे येईल की एरवी फडावर गेले असते असे मूल त्या दिवशी गावच्या शाळेत, आपल्या वर्गात बसलेले दिसेल. तेच आपले उद्दिष्ट आहे. बैठका आणि दप्तरे हा तिथवर पोहोचण्याचा मार्ग आहे. त्यांची नोंद अहवालात अवश्य असावी, पण उपक्रमांच्या भागात.

दुसऱ्या उद्दिष्टातील ‘स्थलांतर थांबवणे’ या शब्दांकडेही पुन्हा पाहावे, अशी माझी विनंती आहे. आई-वडील जोडीने कोयता घेऊन जातात, कारण मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि कोरडवाहू जमिनीवर वर्षभर पोट भरत नाही. हे जाणे एका संस्थेच्या बैठकांनी थांबणार नाही, आणि ते थांबवू असे आपण म्हणूही नये. मुलाने गावात राहणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी आजी-आजोबांचा किंवा चुलत्यांचा आधार, हंगामी वसतिगृहातील जागा, संध्याकाळचे जेवण आणि आजारपणात लक्ष देणारे कोणी तरी लागते. यांतील बऱ्याच गोष्टींवर आपली संस्था काम करू शकते. उद्दिष्ट आपल्या हाताच्या टप्प्यात आणायचे म्हणजे ते लहान करणे नव्हे. ज्या बदलाची जबाबदारी आपण घेऊ शकतो, तो नेमका निवडणे हा त्याचा अर्थ आहे.

आता मोजण्याकडे येऊ. मोजायचे म्हटले की आपण लगेच ‘किती मुले’ हा वरचा आकडा शोधू लागतो, पण अहवालात वाद होतो तो बहुधा खालच्या आकड्यावर, म्हणजे ‘कितीपैकी’ यावर. मार्चमध्ये शाळेत जी मुले आहेत त्यांचीच सरासरी हजेरी काढली, तर ती चांगलीच दिसेल, कारण जी गेली ती हिशोबातच उरलेली नसतात. म्हणून दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याआधी, आठही गावांत घरोघर फिरून एक यादी करावी. ज्या कुटुंबांनी या हंगामासाठी उचल घेतली आहे, त्यांच्या 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला या यादीत एक क्रमांक द्यावा. वाड्या, वस्त्या आणि तांडे यांत सुटू देऊ नयेत. 15 ऑक्टोबरला ही यादी बंद करावी. त्यानंतर तीत नवे नाव घालायचे नाही आणि सोयीसाठी जुने काढायचेही नाही. उचल घेऊनही एखादे कुटुंब गेले नाही, तर त्या घरातील मुले कारणासह वेगळी दाखवायची, हा नियम प्रस्तावातच लिहून ठेवावा. असे नियम वर्षअखेरीस सुचले, तर ते आकडा सुधारण्यासाठी केलेत असेच कोणालाही वाटेल.

मोजणी कधी करायची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. याबाबत माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण आपल्या भागात ती सहज होते. काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका प्रकल्पाचा प्रस्ताव मी लिहून दिला होता. निधी जूनमध्ये मंजूर झाला, म्हणून आरंभीची नोंद आम्ही जुलैत केली. तेव्हा सगळी कुटुंबे गावात होती आणि हजेरी उत्तम होती. शेवटची नोंद जानेवारीत केली आणि हजेरी कोसळलेली दिसली. काम चांगले झाले होते. काही मुले त्यामुळे खरोखर गावात राहिली होती. पण कागदावर प्रकल्पाने हजेरी कमी केल्यासारखे दिसत होते, आणि ते समजावून सांगताना आमच्या प्रत्येक वाक्याला सबबीचा वास येत होता. हीच चूक उलट दिशेनेही होते. आरंभ जानेवारीत आणि शेवट जुलैत धरला, तर काहीच न करता मोठे यश दिसते. ऊसतोडीच्या गावांत हजेरी गाळप हंगामानुसार चढते-उतरते, म्हणून तुलना नेहमी त्याच महिन्यांची त्याच महिन्यांशी करावी.

मी आपल्याला 1 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी हा काळ सुचवीन. नोव्हेंबरात काही टोळ्या अजून निघत असतात. मार्चमध्ये काही परतू लागतात, आणि ज्या वर्षी ऊस कमी असतो त्या वर्षी कारखाने लवकर बंद होऊन कुटुंबे आधीच येतात. मार्च धरला, तर लवकर परतलेल्या मुलांचे श्रेय आपल्या प्रकल्पाकडे येईल, आणि ते आपले नसेल. मधले तीन महिने मात्र जवळजवळ प्रत्येक वर्षी भर हंगामाचे असतात.

आता एक हिशोब करून पाहू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपण त्या जागी आपले घालावेत. समजा, गेल्या हंगामात आठ गावांतील ऊसतोड कुटुंबांत 172 मुले होती. त्यांतील 108 मुले आई-वडिलांबरोबर गेली आणि 64 गावात राहिली. राहिलेल्या 64 पैकी 38 मुलांची डिसेंबर ते फेब्रुवारीतील हजेरी शाळेच्या कामाच्या दिवसांच्या निदान 75 टक्के होती. उरलेली 26 गावात होती, पण शाळेत नियमित नव्हती. कोणी शेरडांमागे जात होते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत होते.

हे उद्दिष्ट दोन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार असा की गावात राहिलेल्या मुलांपैकी किती नियमित आली ते पाहायचे. 64 पैकी 38, म्हणजे 59 टक्के. दुसरा प्रकार असा की यादीतील सर्व मुलांपैकी किती मुले गावात राहून नियमित आली ते पाहायचे. 172 पैकी 38, म्हणजे 22 टक्के. पहिला आकडा पाहायला बरा वाटतो, पण त्यात एक खोच आहे. आपले काम यशस्वी झाले, तर पूर्वी कधीच मागे न राहिलेली मुले यंदा मागे राहतील. त्यांचा अभ्यास आधीच तुटलेला असेल आणि घरचा आधार कमजोर असेल, म्हणून सुरुवातीला त्यांची हजेरी कमीच असण्याची शक्यता आहे. परिणामी राहिलेल्या मुलांची टक्केवारी 59 वरून खाली येऊ शकते, आणि ज्या वर्षी आपण जास्त मुले वाचवली त्याच वर्षी उद्दिष्ट फसल्याचे दिसेल. दुसऱ्या प्रकारात असे होत नाही, कारण खालचा आकडा सगळ्या मुलांचा असतो आणि गावात राहून शाळेत येणारे प्रत्येक मूल त्यात भरच घालते. म्हणून मुख्य उद्दिष्ट दुसऱ्या प्रकारे लिहावे आणि पहिली टक्केवारी सोबतची माहिती म्हणून द्यावी.

आपल्या दोन सहकाऱ्यांच्या वादाचे उत्तरही याच यादीत सापडते. मोठा आकडा घ्यावा की लहान, हे मंजुरीच्या आशेवरून किंवा अपयशाच्या भीतीवरून ठरवू नये. तो खालून बांधत आणावा. गेल्या वर्षी गेलेल्या 108 मुलांची नावे समोर ठेवून कार्यकर्त्यांना एकेका मुलाविषयी विचारा: याच्या घरी मागे राहणारे वडीलधारे कोणी आहे का, किंवा वसतिगृहात याला जागा मिळू शकते का? समजा, 46 मुलांबाबत उत्तर ‘होय’ आले. सगळीच राहणार नाहीत. एखादीला धाकट्या भावासाठी नेतील, कुठे आजी आजारी पडेल. अनुभवी कार्यकर्ते म्हणाले की यांपैकी 30 राहू शकतील, तर गेल्या वर्षीची 64 आणि ही 30 मिळून 94 मुले गावात राहतील. त्यांतील सुमारे 70 टक्के नियमित आली तर ती 66 होतात, आणि 172 पैकी 66 म्हणजे 38 टक्के. आता कोणी विचारले की 38 हा आकडा कुठून आला, तर आपण नावांनिशी सांगू शकता. ‘100 टक्के’ लिहिणाऱ्याला हे सांगता येत नाही, आणि 25 टक्के लिहून सुरक्षित राहणाऱ्यालाही सांगता येत नाही.

यंदाची यादी 172 चीच असेल असे नाही, म्हणून प्रस्तावात टक्केवारी बांधून घ्यावी आणि संख्या अंदाजे द्यावी. उद्दिष्टाचे वाक्य साधारण असे होईल:

“ऑक्टोबरमध्ये केलेल्या यादीतील 6 ते 14 वयोगटातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलांपैकी निदान 38 टक्के मुले (सुमारे 66) 1 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी या काळात गावात राहून शाळेच्या कामाच्या 75 टक्के किंवा अधिक दिवस हजर राहतील. गेल्या हंगामात याच काळात हे प्रमाण 22 टक्के (172 पैकी 38) होते. आधार: शाळेचा हजेरी पट आणि संस्थेच्या कार्यकर्त्याची महिन्यातून दोनदा केलेली प्रत्यक्ष मोजणी.”

हे वाक्य लांब आहे आणि सुंदर नाही, हे मी जाणतो. पण एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांना मार्चमध्ये हे वाक्य आणि ती कागदपत्रे दिली, तर दोघांचे उत्तर एकच येईल. उद्दिष्ट मोजण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मी हीच कसोटी वापरतो. गेल्या वर्षीचे ‘गोडी’चे वाक्य दोघांना दिले असते, तर एकाने दप्तरे पाहून ‘होय’ म्हटले असते आणि दुसऱ्याने रिकामे बाक पाहून ‘नाही’.

आधाराच्या कागदांविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुख्याध्यापकांची आणि केंद्रप्रमुखांची संमती घेऊन हजेरी पट पाहता येतो, आणि गेल्या वर्षीची नोंद तिथूनच मिळेल. मात्र पटावरील खूण आणि वर्गातील डोकी यांत कधी कधी अंतर असते. त्यासाठी शिक्षकांवर आरोप करण्याची गरज नाही. कार्यकर्त्याने महिन्यातून दोन वेळा, आधी दिवस न सांगता, यादीतील किती मुले वर्गात आहेत ते क्रमांकानुसार टिपावे आणि त्या दिवसाच्या पटाशी ताडून पाहावे. दोन्ही जवळपास जुळले, तर आपला आकडा कोणासमोरही टिकेल. एखाद्या शाळेत सतत मोठा फरक येत असेल, तर त्या शाळेपुरता आपल्या मोजणीचा आधार घेतल्याचे अहवालात लिहावे. एक मर्यादा इथे ध्यानात ठेवावी: गेल्या वर्षीच्या पटाशी ताडून पाहायला तेव्हाची प्रत्यक्ष मोजणी आपल्याकडे नाही, म्हणून आरंभीचा 22 टक्के हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. हे प्रस्तावात एका वाक्यात आधीच सांगून ठेवावे. आणि अहवालात मुलांची नावे कुठेही येऊ देऊ नयेत, क्रमांकच वापरावेत. कोणत्या घराने किती उचल घेतली, ही माहिती तर संस्थेबाहेर जाताच कामा नये.

जी मुले आई-वडिलांबरोबर गेली आणि तिकडे एखाद्या साखरशाळेत किंवा कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसली, त्यांचे काय, हा प्रश्न येईलच. त्यांचे शिक्षण चालू राहिले ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती या उद्दिष्टात मोजू नये, कारण तिथली हजेरी आपल्याला पाहता येत नाही. शिक्षण हमी कार्ड घेऊन किती मुले गेली आणि परतल्यावर किती मुलांकडे तिकडच्या शाळेची नोंद होती, एवढे स्वतंत्र टिपावे.

दुसरे उद्दिष्ट ठेवायचेच असेल, तर ते वाचनाचे ठेवा आणि तिथेच थांबा. यासाठी ‘असर’ सर्वेक्षणात वापरतात तशी सोपी पद्धत पुरेशी आहे. मुलाला एकट्याला बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येते ते पाहायचे. मुले वर्षभरात थोडी तरी पुढे सरकतातच, म्हणून ‘वाचन सुधारेल’ असे उद्दिष्ट आपल्या कामाविषयी फारसे काही सांगत नाही. ऊसतोडीच्या मुलांचे खरे नुकसान हंगामात होते. सप्टेंबरात परिच्छेद वाचणारे मूल एप्रिलमध्ये शब्दांवर अडते. म्हणून सप्टेंबरात आणि एप्रिलमध्ये त्याच मुलांची तपासणी करावी आणि किती मुले एक पायरी खाली घसरली ते मोजावे. दिवसाला एका कार्यकर्त्याकडून 15 मुले नीट तपासून होतात, म्हणजे 172 मुलांना एका फेरीत 12 दिवस लागतील आणि दोन फेऱ्यांत 24. हे दिवस, प्रवास आणि यादीचे काम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवा. मोजण्याचे वचन देऊन त्याचा खर्च न मागितलेले बरेच प्रस्ताव मी पाहिले आहेत, आणि त्यांत वर्षअखेरीस मोजणीच राहून जाते.

उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर काय, ही भीती आपल्या पत्रात स्पष्ट लिहिलेली नसली तरी ती मला जाणवली. समजा, यंदाची यादी 165 मुलांची झाली. त्यांतील 11 मुलांची कुटुंबे शेवटी गेलीच नाहीत, म्हणून ठरल्या नियमाप्रमाणे ती वेगळी दाखवली. उरलेल्या 154 पैकी 51 मुले नियमित आली, म्हणजे 33 टक्के. अहवालात सरळ लिहावे की उद्दिष्ट 38 टक्क्यांचे होते, 33 टक्के साध्य झाले, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, आणि गेल्या हंगामात हे प्रमाण 22 टक्के होते. त्यानंतर कारण गावनिहाय द्यावे. उदाहरणार्थ, दोन गावांत हंगामी वसतिगृहाची मंजुरी उशिरा आली आणि तोवर मुले निघून गेली होती. बाकीच्या सहा गावांत प्रमाण ठरल्याच्या जवळ राहिले. वसतिगृहाची मंजुरी वेळेवर येईल हे आपण गृहीत धरले आहे, ही गोष्ट प्रस्तावातच नोंदलेली असेल, तर हे कारण सबब ठरत नाही. शिवाय ही वाढ सर्वस्वी आमच्यामुळे झाली असा दावा करू नये. त्याच वर्षी शाळेत नवे शिक्षक आले असतील किंवा पाऊस बरा झाला असेल. ‘प्रकल्पाच्या काळात एवढा बदल दिसला, आणि त्यात आमचा वाटा असा असावा’ असे लिहिलेले वाक्य तपासणीत टिकते.

जलसंधारणावर किंवा बचत गटांसोबत काम करणाऱ्या वाचकांनाही ही मांडणी उपयोगी पडेल. त्यांच्या कामातही ऋतूचा सापळा असतोच. ऑक्टोबरातील विहिरीच्या पाण्याची तुलना मागच्या मे महिन्याशी केली, तर बंधारा न बांधताही पाणी वाढलेले दिसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते, ती याचसाठी. त्याच विहिरी, तोच महिना आणि शेजारी त्या-त्या वर्षीचा पाऊस, एवढे प्रस्तावात लिहिले तरी अहवालाचे अर्धे काम होते.

आपल्यापुरते पहिले काम आठ मुख्याध्यापकांकडे जाण्याचे आहे. गेल्या वर्षीचे डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे हजेरी पट पाहण्यासाठी मागा, आणि आपल्या जुन्या नोंदवहीतील ऊसतोड कुटुंबांची नावे त्यांच्याशी जुळवा. प्रस्तावाची मुदत त्याआधी संपत असेल, तर कल्पनेतला आकडा लिहू नका. ‘आरंभीची नोंद 15 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करून उद्दिष्टाची टक्केवारी 31 ऑक्टोबरपर्यंत निधी देणाऱ्यांच्या लेखी संमतीने निश्चित केली जाईल’ असे वाक्य घाला, आणि ती लेखी संमती मिळाल्यावर तिची प्रत अहवालाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा.